‘किराये से’ : धावत्या स्कूटरवरून वाचता येईल अशी पाटी

इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या आत्याच्या घराचा पहिला मजला दिवाळीनंतर रिकामा झाला. तो भाड्याने देण्यासाठी तिने लगेच छापखान्यातून फ्लेक्स करून आणला आणि फाटकाला बांधला. पाच आठवड्यांत चार फोन आले, त्यातले दोन दलालांचे. एका रविवारी मी तिच्याकडे जायला निघालो, तेव्हा ठरवून स्कूटर नेहमीच्या वेगाने तिच्या घरापुढून नेली. पाटी तिथे आहे हे मला माहीत होतं, तरी ती दिसली नाही. कारण उघडं होतं. सकाळी गाडी काढल्यावर फाटक आत ढकलून तसंच उघडं ठेवतात, आणि फाटकाला बांधलेली पाटी मग बाजूच्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते. दिवसाचे दहा तास ती फक्त त्या भिंतीला दिसत होती.

त्यानंतर आम्ही दोघांनी बसून नवी पाटी केली. ती कशी केली, कोणतं माप का घेतलं, हेच इथे क्रमाने लिहितो. तुमचं घर राजेंद्र नगरात असो की भंवरकुआँजवळच्या गल्लीत, आकडे थोडे बदलतील, पद्धत तीच राहील.

पाटी दोनदा वाचली जाते

आधी वाचणारा माणूस डोळ्यांपुढे आणायचा. घर शोधणारा बहुतेक वेळा दुचाकीवर असतो, मागे कुणीतरी बसलेलं असतं, आणि तो कॉलनीच्या रस्त्यांवरून ताशी २५ किलोमीटरने हळूहळू जात असतो. हा वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. तुमची पाटी त्याला २५ मीटरांवरून वाचता आली, तर ती बाजूला येऊन मान वळवावी लागण्याआधी त्याच्या हाताशी जेमतेम अडीच सेकंद असतात. त्यात समोरचा खड्डा, कुत्रा, उलट्या बाजूने येणारी रिक्षा हेही बघायचं असतं.

अडीच सेकंदांत दहा आकडी फोन नंबर कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणून पहिल्या वाचनात त्याला फक्त एक गोष्ट कळायला हवी : इथे जागा रिकामी आहे. तेवढं कळलं की तो ब्रेक लावतो, बहुतेक वेळा घर ओलांडून थोडा पुढे किंवा रस्त्याच्या पलीकडे थांबतो, आणि तिथून मोबाइल काढून नंबर लावतो किंवा पाटीचा फोटो घेतो. हे दुसरं वाचन. पहिलं वाचन लांबून आणि घाईत होतं, दुसरं जवळून आणि उभ्याने. एकाच पाटीवर या दोन वाचनांसाठी दोन वेगळी मापं लागतात. आत्याच्या फ्लेक्सवर सगळ्या ओळी जवळजवळ एकाच मापाच्या होत्या, त्यामुळे लांबून काहीच वाचता येत नव्हतं.

कोणते शब्द

इथे आपल्या लोकांची एक अडचण होते. आत्याला पाटीवर ‘भाड्याने देणे आहे’ हवं होतं. घरात आपण मराठी बोलतो, पण घर शोधणारा इंदूरभरचा आणि बाहेरगावचा असतो, आणि इंदूरच्या माणसाचा डोळा ‘किराये से’ या दोन शब्दांवर थांबतो. इतर ठिकाणी हिंदीत ‘किराये पर’ म्हणतात, आपल्याकडे ‘किराये से’. हे शब्द ओळखीचे असल्यामुळे लांबून अर्धे दिसले तरी पुरे वाचले जातात.

पुढचं ‘देना है’ आम्ही गाळलं. दोन शब्द गेले की उरलेल्यांना दीडपट मोठं करता येतं, आणि अर्थ काही कमी होत नाही. घर कोचिंगच्या भागात असेल आणि मुलं परराज्यांतली येत असतील, तर खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘टू लेट’ लिहावं. त्याला मात्रा-वेलांट्या नसतात, त्यामुळे ते कमी उंचीतही वाचता येतं.

मधली एकच ओळ माहितीची. जुन्या फ्लेक्सवर ‘नर्मदा + बोरिंग, मॉड्युलर किचन, कवर्ड पार्किंग, शांत वातावरण’ असं सगळं होतं. यातलं काहीही रस्त्यावरून वाचलं जात नाही आणि वाचलं तरी त्यासाठी कुणी थांबत नाही. ते फोनवर सांगता येतं. ओळीत तेवढंच ठेवायचं, ज्यामुळे चुकीचा माणूस फोन करणार नाही. आत्याला कुटुंबच हवं होतं, म्हणून ‘२ बीएचके, पहली मंज़िल, परिवार’. विद्यार्थी चालत असतील तर तसं लिहा. भाड्याची रक्कम लिहू नये असं माझं मत आहे, कारण घर न बघता माणूस नुसत्या आकड्यावरून पुढे जातो.

अक्षराची उंची

जाहिरात-फलकांच्या धंद्यात एक जुना ठोकताळा आहे : एक इंच उंचीचं अक्षर साधारण ३० फुटांवरून वाचता येतं. म्हणजे अडीच सेंटिमीटरला ९ मीटर. पण ही मर्यादा आहे, आणि तीही चांगल्या उजेडात, चांगल्या नजरेला, समोरासमोर. चालत्या गाडीवरून आणि साठीच्या वडिलांनाही वाचता यावं असं वाटत असेल, तर ते अंतर अर्धं धरावं : अडीच सेंटिमीटरला साडेचार मीटर.

आता हिशेब सरळ आहे. पहिलं वाचन २५ मीटरांवरून, म्हणून अक्षर सुमारे १४ सेंटिमीटर. दुसरं वाचन रस्त्यापलीकडून. आत्याचा रस्ता धरून ते अंतर १२ मीटर भरलं, म्हणून नंबरचा आकडा निदान ७ सेंटिमीटर. जुन्या फ्लेक्सवर आकडे ३ सेंटिमीटरचे होते. बारा मीटरांवर ते मर्यादेच्याही खाली जातात, म्हणजे जो थांबला असेल त्यालाही रस्ता ओलांडून यावं लागलं असेल.

देवनागरीत एक गोष्ट लक्षात ठेवायची. ‘किराये से’ या ओळीची उंची १७ सेंटिमीटर असेल, तर त्यातला वरचा भाग वेलांटीच्या आणि मात्रांच्या वळणांनी खाल्ला जातो. शिरोरेघेखालचं खरं अक्षर १२ सेंटिमीटरच उरतं. इंग्रजीसाठी मोजलेलं माप देवनागरीला जसंच्या तसं दिलं की ते कमी पडतं, ते यामुळे. छापणाऱ्याला सांगताना ‘शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंत इतके सेंटिमीटर’ असंच सांगावं.

जाडीचंही तसंच. अक्षर ठळक हवं, पण अतिठळक नको. रेघेची जाडी अक्षराच्या उंचीच्या सहाव्या-सातव्या हिश्शाइतकी ठेवली तर ‘य’ आणि ‘स’ यांच्या पोटातली मोकळी जागा शिल्लक राहते. त्याहून जाड केलं की लांबून ती पोटं भरून येतात आणि अक्षराच्या जागी काळा ठोकळा दिसतो. वळणदार, सावलीचे, कडा उठवलेले फाँट नकोत.

तीन बाय दोन फुटांत मांडणी

तीन फूट रुंद, दोन फूट उंच ही पाटी घराला शोभते आणि एका माणसाला हाताळता येते. म्हणजे साधारण ९० बाय ६० सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना ८-८ सेंटिमीटर कोरी जागा सोडली की ७४ उरतात. आत्या कागदावर उभ्या रेघा ओढत होती, मी मापं सांगत होतो.

वर ५ सेंटिमीटर मोकळे. मग ‘किराये से’, मात्रा धरून १७; खरं अक्षर १४ ऐवजी १२ मिळतं, पण अंतर आधीच अर्धं धरलेलं असल्यामुळे ते चालतं. याची रुंदी साठ-पासष्ट सेंटिमीटर होते, म्हणजे बसते. ‘देना है’ असतं तर बसलं नसतं. पाच सेंटिमीटर सोडून माहितीची ओळ, मात्रा धरून ७. सहा सेंटिमीटर सोडून नंबर. आकड्यांना मात्रा नसतात, त्यामुळे त्यांना पूर्ण उंची मिळते. १० सेंटिमीटर उंचीचा आकडा जागेसकट साडेसहा सेंटिमीटर रुंदी घेतो. दहा आकडे म्हणजे ६५, मधे मोकळी जागा ७, एकूण ७२. किमान ७ हवे होते, १० मिळाले. खाली ५ मोकळे सोडूनही थोडी जागा उरली, ती आम्ही नंबरच्या वर घातली.

कडेची कोरी जागा वाया गेली असं छापणाऱ्याला वाटतं आणि तो तिथे घराचं चित्र किंवा किल्ली बसवतो. ती जागाच अक्षरांना मागच्या ग्रिल, वेली, तारा यांच्यापासून वेगळं काढते. तिथे काही घालू देऊ नका.

नंबर

एकच नंबर. आत्याच्या फ्लेक्सवर दोन होते, मधे तिरपी रेघ देऊन; लांबून ती रेघ 1 सारखी दिसायची. दोन नंबर म्हणजे दोन्ही लहान. जो दिवसभर फोन उचलू शकतो त्याचाच द्यावा. आत्या दुपारी झोपते आणि फोन आतल्या खोलीत असतो, म्हणून आम्ही तिच्या सुनेचा दिला. रस्त्यावर महिनोन्‌महिने नंबर लटकवायचा नसेल, तर घरात पडून असलेलं दुसरं सिम वापरावं.

मांडणी पाच-पाच. आपल्या मोबाइलवर नंबर तसाच दिसतो, आणि पाटीवरचा पाचांचा गट एका नजरेत उचलून लावता येतो. सलग दहा आकडे लिहिले की मधला एखादा निसटतो. पुढे शून्य नको, देशाचा क्रमांक नको. तेवढ्या जागेत बाकीचे आकडे बारीक होतात.

आकडे इंग्रजी वळणाचे, म्हणजे मोबाइलच्या बटणांवर असतात तेच घ्यावेत. मला स्वतःला देवनागरी अंक प्रिय आहेत, पण बाहेरून आलेल्या मुलाला ५ आणि ६ मधला फरक लांबून कळत नाही, आणि ७ त्याला 6 वाटतो. इंग्रजी आकड्यांतही 3, 6 आणि 8 ही त्रयी फसवते : फाँट जाड असेल तर 3 आणि 6 ची उघडी तोंडं बंद होऊन सगळेच 8 दिसतात. नंबरात हे आकडे असतील तर तोंडं उघडी असलेला साधा फाँट मुद्दाम मागावा आणि दोन आकड्यांमधली जागा किंचित वाढवावी.

क्यूआर कोडचा आग्रह आत्याच्या नातवाने धरला होता. तो साधारण स्वतःच्या रुंदीच्या दहापट अंतरावरून वाचला जातो. दहा सेंटिमीटरचा कोड म्हणजे एक मीटर. रस्त्यावरून त्याचा उपयोग शून्य. हवाच तर फाटकाच्या खांबावर वेगळा चिकटवावा.

रंग

पिवळ्यावर काळं किंवा पांढऱ्यावर गडद निळं. यापलीकडे जाऊ नये. लाल अक्षर दुपारी उठून दिसतं, पण दिवेलागणीला तेच काळवंडतं, आणि नोकरदार माणूस घर शोधायला नेमका त्याच वेळी निघतो. शिवाय फ्लेक्सच्या शाईतले पिवळा आणि गुलाबी हे अंश उन्हात आधी उडतात, निळा आणि काळा टिकतात. म्हणून छापील लाल अक्षर एका उन्हाळ्यात फिकं पडतं. पिवळी जमीनही हळूहळू फिकी होते, पण तिच्यावरचं काळं अक्षर तसंच राहतं आणि वाचनात बिघाड होत नाही. पृष्ठभाग चकचकीत नको, मॅट मागावा. चकचकीत पाटीवर उन्हाची तिरीप पडली की नेमका मधला भाग पांढरा होतो.

पाटीचं तोंड कुठे

सगळ्यात मोठा फरक इथे पडला. भिंतीला किंवा फाटकाला सपाट लावलेली पाटी रस्त्याला समांतर असते, आणि येणारा माणूस तिच्याकडे अगदी तिरप्या कोनातून बघतो. आत्याच्या घराशी मोजलं : जवळच्या बाजूने जाणारी स्कूटर आणि पाटी यांच्यात आडवं अंतर ५ मीटर. स्कूटर २० मीटर अलीकडे असताना ९० सेंटिमीटरची पाटी त्या डोळ्याला फक्त २२ सेंटिमीटर रुंद दिसते. अक्षरांची उंची तीच, रुंदी पाव. म्हणून ती लांबून उभ्या काड्यांसारखी वाटते. समोर आल्यावर पूर्ण दिसते, पण तोवर माणूस पुढे गेलेला असतो.

उपाय म्हणजे दोन पाट्या, इंग्रजी व्हीच्या आकारात, टोक रस्त्याकडे करून, प्रत्येक पाटी भिंतीशी ४५ अंशांत. त्याच स्कूटरवाल्याला आता त्याच्याकडची पाटी ७७ सेंटिमीटर रुंद दिसते. दुसऱ्या बाजूने येणाऱ्याला दुसरी पाटी दिसते, आणि समोर उभ्या असलेल्याला दोन्ही तिरप्या, ६४-६४ सेंटिमीटर. एकच मोठी पाटी करण्यापेक्षा लहान दोन करून वळवणं कितीतरी उपयोगी.

उंची : खालची कड जमिनीपासून निदान २ मीटर वर, म्हणजे दारात उभी राहिलेली गाडी किंवा भाजीचा ठेला तिला झाकणार नाही, आणि ३ मीटरांहून वर नको, कारण हेल्मेट घातलेला माणूस त्याहून वर बघत नाही. आम्ही पाट्या पहिल्या मजल्याच्या गच्चीच्या कठड्याला खालून लटकवल्या, खालची कड पावणेतीन मीटरांवर आली. व्हीचं टोक कठड्यापासून ६४ सेंटिमीटर पुढे येतं, ते आत्याच्या अंगणावरच राहिलं. तुमच्या घराला अंगण नसेल तर कोन कमी करा, पाटी रस्त्यावर लोंबू देऊ नका.

विजेचा खांब, झाड, कोपऱ्यावरची दुसऱ्याची भिंत यांचा मोह टाळा. मध्य प्रदेशात १९९४ पासून संपत्ती विरूपण निवारणाचा कायदा आहे, दंड हजार रुपयांपर्यंत होऊ शकतो. आणि इंदूरमध्ये खांबावरची पाटी फार दिवस टिकतही नाही. वळणावरच्या एखाद्या ओळखीच्या घरवाल्याला विचारून त्याच्या कंपाउंडच्या आत बाण दाखवणारी छोटी पाटी लावता येते.

छापून घेताना आणि बांधताना

फ्लेक्स स्वस्त पडतो, पण नुसता दोरीने बांधला की वाऱ्याने मधे पोट येतं आणि आकडे वाकडे होतात. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर चारी बाजूंनी ताणून ठोकलेला चालतो. आम्ही ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर मॅट व्हिनाइल चिकटवून घेतलं आणि मागे दोन आडव्या पट्ट्या मारल्या. दोन पाट्यांच्या मागच्या कडा एका आडव्या पट्टीने जोडल्या की त्रिकोण होतो आणि वाऱ्यात हलत नाही. केबल टाय काळे घ्यावेत, पांढरे उन्हात लवकर तडकतात.

छापणाऱ्याला मापांचा कागद द्या आणि प्रूफ मोबाइलवर मागवा. एक चूक हमखास होते : ओळ भरून दिसावी म्हणून तो अक्षरं आडवी ताणतो. मग उभ्या रेघा जाड, आडव्या बारीक, आणि आकडे पसरट. आमच्या पहिल्या प्रूफमध्ये नंबर असाच ताणलेला होता. परत करायला लावला.

प्रूफ तपासायची माझी पद्धत अशी. ९० सेंटिमीटरची पाटी २५ मीटरांवरून जेवढी दिसते, तेवढंच हातभर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर धरलेल्या मोबाइलवरचं २.२ सेंटिमीटर रुंदीचं चित्र दिसतं. प्रूफ बोटांनी लहान करून साधारण अंगठ्याच्या रुंदीचं करा, हात लांब करा. ‘किराये से’ वाचता आलं पाहिजे. मग साडेचार सेंटिमीटर रुंद करा, हे रस्त्यापलीकडचं अंतर झालं. आता नंबर न अडखळता वाचता यायला हवा. आत्याने चष्मा काढून वाचला आणि म्हणाली, “आठ आहे का तीन रे हा?” तो तीन होता. फाँट बदलला.

पाटी लागल्यावर दोन कामं त्याच दिवशी करायची. एक म्हणजे रस्त्यापलीकडे उभं राहून पाटीवर बघून नंबर लावायचा, स्वतःच्या आठवणीतून नाही. फोन घरातच वाजला पाहिजे. दुसरं म्हणजे मागे कुणाला तरी बसवून दोन्ही बाजूंनी स्कूटरने, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर, नेहमीच्या वेगाने फेरी मारायची आणि मागच्याने मोठ्याने वाचायचं. आमच्या संध्याकाळच्या फेरीत पूर्वेकडची पाटी अंधारात गेली होती. गच्चीच्या कोपऱ्यावर ९ वॅटचा एलईडी बल्ब समोरून पडेल असा लावला. मागून लावलेला दिवा उलट डोळ्यांत जातो आणि पाटी काळी दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेलो, तर पश्चिमेकडच्या पाटीवर टॉवेल वाळत होता, नंबरचे शेवटचे तीन आकडे झाकून. आत्याला सांगितलं, तिने वाळत घालायची दोरी घराच्या मागच्या बाजूला हलवली. त्या आठवड्यात सात फोन आले, आणि त्यातल्या पाच जणांनी घराखाली उभं राहूनच फोन केला होता. तिसऱ्या रविवारी एका बँकेत काम करणाऱ्या कुटुंबाने मजला घेतला. त्याच संध्याकाळी आम्ही पाट्या उतरवल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि छापील बाजू आत करून जिन्याखाली उभ्या ठेवल्या.